बाटली आहे, ब्रेक नाही

सप्टेंबर 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी जिल्ह्यात असा पाऊस झाला की सोयाबीन आणि कापूस उभ्या पाण्यात गेला. पीक विम्याच्या तेव्हाच्या नियमानुसार नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यायची होती. ॲप चालत नसेल, तर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सुरू झालेला 14447 हा मदत क्रमांक होता. अशा वेळी लाइन लागत नाही म्हणून शेतकरी चिडतो आणि त्याचं चिडणं रास्तही असतं. पण अशा तीन दिवसांत हेडसेट लावून बसलेल्या मुलीला दोन कॉलच्या मध्ये आवंढा गिळायलाही वेळ मिळत नाही. ओरडून बोलणारा, वाऱ्यापावसात उभा असलेला, रेंज जात-येत असलेला माणूस समोर असतो आणि तीही नकळत ओरडू लागते. चौथ्या दिवशी सकाळी घरच्यांशी बोलताना तिचा आवाज फाटलेला असतो. घरचे म्हणतात, थंड पाणी प्यायलीस का?

परभणीत हिंजवडी-खराडीसारखे मोठाले फ्लोअर नाहीत. इथला संबंध दोन बाजूंनी येतो. एक म्हणजे इथले कॉल करणारे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे माहितीसाठी फोन करणारा शेतकरी केंद्र सरकारच्या किसान कॉल सेंटरलाही फोन लावतो. ते केंद्र 21 जानेवारी 2004 पासून चालू आहे आणि सकाळी सहा ते रात्री दहा उत्तर देतं. दुसरी बाजू कॉल घेणाऱ्यांची. किसान कॉल सेंटरमध्ये सल्ला द्यायला कृषी किंवा तत्सम शाखेचे पदवीधर लागतात. जिंतूर, सेलू, गंगाखेडची पदवीधर पोरं पुण्याला जाऊन बँकेच्या, विम्याच्या, मोबाइल कंपन्यांच्या प्रोसेसमध्ये बसतात, ते वेगळंच. म्हणजे हा प्रश्न पुण्यात घडतो, पण बसलेला घसा घेऊन माणूस सुट्टीला परभणीच्या गाडीत बसतो.

आवाज का थकतो, हे आधी नीट पाहायला हवं, कारण बहुतेक सल्ले इथेच चुकतात. गळ्यात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांवर आपटतात, बाईच्या आवाजात सेकंदाला साधारण 210 वेळा आणि पुरुषाच्या आवाजात 120 वेळा. आता एका शिफ्टचा हिशेब मांडू. शंभर कॉल, सरासरी तीन मिनिटांचा एक, म्हणजे पाच तास लाइनवर. त्यातलं निम्मं बोलणं समोरच्याचं. उरली दीडशे मिनिटं. त्यातही श्वास, थांबणं आणि स, प, ट यांसारखे स्वरतंतू न हलवता निघणारे आवाज वजा केले, तर साधारण पंचाहत्तर मिनिटं, म्हणजे साडेचार हजार सेकंद स्वरतंतू प्रत्यक्ष कंप पावतात. बाईसाठी हा आकडा साडेनऊ लाख आघातांच्या आसपास जातो, पुरुषासाठी साडेपाच लाखांच्या. हा ढोबळ अंदाज आहे. पण कॉल सेंटरमध्ये बायकांचे घसे जास्त बसतात ते नाजूकपणामुळे नव्हे, हे यातून कळतं. एकाच स्क्रिप्टसाठी त्यांचे तंतू जवळजवळ दुप्पट वेळा आपटतात.

आघातांमुळे तंतूंच्या मधल्या भागात सूज येते. सुजलेला तंतू हलवायला फुप्फुसातून जास्त दाब लागतो. तो दाब द्यायला मानेचे आणि जबड्याचे स्नायू मदतीला येतात, आणि त्या ताणाने आघात आणखी जोरात होतात. म्हणून आवाजाचा थकवा सरळ रेषेत वाढत नाही, पुढे पुढे तो वेगाने चढतो. फिनलंडमध्ये लॉरा लेहतो आणि सहकाऱ्यांनी कॉल सेंटर कर्मचाऱ्यांचे आवाज दिवसभरात मोजले, तेव्हा दिवस सरेल तशी आवाजाची पट्टी वर चढत गेलेली आढळली. आपल्याकडे थकलेला आवाज म्हणजे खर्जात गेलेला, घोगरा आवाज असं समजतात. तो फार पुढचा टप्पा झाला. आधी आवाज चढतो, पातळ होतो, आणि बोलणाऱ्याला ते कळतही नाही.

अमेरिकेत 2002 साली टेलिमार्केटिंग करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात वय, लिंग आणि धूम्रपान हिशेबात घेऊनही, आवाजाची किमान एक तक्रार असण्याची शक्यता त्यांच्यात इतरांच्या दुप्पट निघाली. पाहणीतल्या 31 टक्के टेलिमार्केटर्सचं म्हणणं होतं की तक्रारींमुळे कामावर परिणाम होतो. तेव्हा प्रश्न खरा आहे, यावर वाद नाही. वाद आहे तो उपायांवर. तिथे एकाच वजनाने सांगितले जाणारे तीन सल्ले, म्हणजे पाणी प्या, ताठ बसा, सावकाश बोला, प्रत्यक्षात एकाच वजनाचे नाहीत.

पाण्यापासून सुरू करू, कारण तो सगळ्यांत लोकप्रिय आहे. गिळलेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही. गिळताना स्वरयंत्राचं तोंड बंद होतं आणि पाणी मागच्या अन्ननलिकेतून जातं. तंतूंवर थेट पाणी गेलं तर ठसका लागतो. म्हणून घोट घेतल्या घेतल्या घसा मोकळा झाल्यासारखं वाटतं ते तोंड आणि घशाचा मागचा भाग ओला झाल्यामुळे. तंतूंवरचा पातळ ओलावा राखायला शरीरातलंच पाणी लागतं, आणि ते बरंच आधी प्यायलेलं असावं लागतं. शिफ्टवर बसण्याआधी दोन पेले पाणी पिऊन येणारा माणूस पुढच्या तासांत त्याचा फायदा घेतो. घसा दुखू लागल्यावर बाटली उचलणाऱ्याला उशीर झालेला असतो. तरीही कॉलमधला घोट वाया जात नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. गिळताना माणूस बोलत नाही, स्वरयंत्र वर-खाली होऊन सैल होतं, आणि खाकरण्याची हुक्की जाते. खाकरणं म्हणजे दोन्ही तंतू मुद्दाम एकमेकांवर आपटणं. एका कॉलआड एक खाकरण्याची सवय असलेला माणूस स्वतःच्या हिशेबात आणखी काही आघात टाकत असतो. वेखंड, ज्येष्ठमध, खडीसाखर हे सगळं घोटासारखंच, घशापर्यंतचं. पेपरमिंटच्या गोळीने गारवा वाटतो आणि दुखणं झाकलं जातं, ही तिची अडचणच आहे.

पाण्याची खरी गोम दुसरीकडे आहे. फ्लोअरवर मुली पाणी कमी पितात, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की ब्रेकचा ‘ऑक्स’ टाकावा लागतो, आणि ऑक्सची मिनिटं टीम लीडरच्या, म्हणजे टीएलच्या, स्क्रीनवर लाल होतात. स्वच्छतागृह दूर किंवा घाणेरडं असेल तर आणखीच. म्हणजे बाटली टेबलावर ठेवून प्रश्न सुटत नाही. ज्या कार्यालयात उठण्याची मुभा नाही, तिथे पाण्याचं पोस्टर लावणं म्हणजे कोरड्या नळाला रंग देणं आहे.

हवेचं तसंच. परभणीत एप्रिल-मेची दुपार चाळीसच्या वर जाते आणि हवा अगदी कोरडी असते. तिथे लहान ऑफिसात कूलर असतो, पुण्याच्या फ्लोअरवर एसी. एसी खोलीतली ओल काढून घेतो. कूलर ओल देतो, पण घरघरतो. आणि घरघर वाढली की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार्ड यांनी 1911 मध्ये ही प्रतिक्रिया नोंदली, आजही तिला त्यांचंच नाव आहे. ती मनाने सहजी थांबवता येत नाही. हळू बोल असं सांगून कोणी हळू बोलत नाही, भोवतालचा आवाज कमी करावा लागतो. कूलर माणसापासून दूर सरकवणं, शेजारच्या टेबलांमध्ये पार्टिशन लावणं, ही कामं घशासाठी गोळ्यांपेक्षा उपयोगी आहेत.

इथेच हेडसेट येतो, आणि त्याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. दोन्ही कान झाकणारा हेडसेट लावला की स्वतःचा आवाज दबका, कवटीतून आल्यासारखा ऐकू येतो, आणि माणूस तो भरून काढायला जोर लावतो. बहुतेक हेडसेटमध्ये किंवा त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘साइडटोन’ नावाची सोय असते. तिच्यामुळे मायक्रोफोनमध्ये गेलेला आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत येतो. ती चालू करून किंचित वाढवली, की बोलणारा आपोआप आवाज खाली आणतो. ती बंद असेल तर एका कानाचा हेडसेट बरा, पण त्याचा कान दर दोन-तीन तासांनी बदलावा. मायक्रोफोन ओठांसमोर नव्हे, तोंडाच्या कोपऱ्याजवळ, दोन बोटांच्या अंतरावर ठेवावा. समोर धरला तर प-फच्या हवेचे फटके बसतात, आणि शेतकरी पलीकडून म्हणतो, ‘मॅडम, फाटून येतंय आवाज.’ मग मॅडम आणखी मोठ्याने बोलतात. फाटलेला आवाज मोठा केला की आणखी फाटतो. तेव्हा करायचं असतं ते उलट: मायक्रोफोन बाजूला, आवाज जरा खाली, शब्दाचा शेवट पूर्ण उच्चारायचा. ‘विम्याचा अर्ज’ यातला ‘र्ज’ नीट आला की वाक्य पोचतं, जोराने नव्हे.

ताठ बसण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुरावा थोडा आहे आणि उपदेश फार. खांदा आणि कान यांत फोन धरणं, मान पुढे काढून स्क्रीन वाचणं, पोटावर घट्ट पट्टा, यांनी मानेचे स्नायू ताणतात आणि श्वास वरच्यावर घेतला जातो, एवढं निश्चित. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, पाय जमिनीला, आणि हेडसेट असताना वायर ओढून मान न वळवणं, इतकं पुरे. ताठ बसलं म्हणून कोणाचा बसलेला आवाज सुटल्याचं ऐकिवात नाही.

बोलण्याचा वेग आणि श्वास हा मुद्दा मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. नेहमीची ओळख घ्या: ‘नमस्कार, पीक विमा मदत केंद्रात आपलं स्वागत आहे, मी आपली काय मदत करू शकते, कृपया आपला आधार क्रमांक किंवा अर्ज क्रमांक सांगा.’ हे अनेकजणी एका दमात म्हणतात, कारण क्वालिटीवाले स्क्रिप्ट पूर्ण झाली की नाही ते पाहतात. शेवटच्या चार-पाच शब्दांपर्यंत हवा संपलेली असते. हवा संपल्यावर आवाज काढायचा म्हणजे तंतू एकमेकांवर दाबून काढायचा, आणि ही चरचर दिवसात शंभर वेळा होते. तेच वाक्य तीन श्वासांत म्हणता येतं. ‘नमस्कार, पीक विमा मदत केंद्र.’ इथे समोरचा ‘हां, नमस्कार मॅडम’ म्हणतोच, त्याला म्हणू द्यावं. ‘सांगा, काय मदत करू?’ मग त्याची अडचण ऐकायची. आणि त्याचं बोलणं झाल्यावर, तिसऱ्या श्वासात, ‘अर्ज क्रमांक असेल तर सांगा.’ शब्द कमी झाले, कॉल लांबला नाही, आणि प्रत्येक तुकड्यानंतर तंतूंना दोन-तीन सेकंद मिळाले.

अंकांचं याहून चांगलं. तक्रारीचा नोंदणी क्रमांक कधी बारा-पंधरा अंकी असतो. तो एका ओघात वाचून ‘लिहिलात का?’ विचारलं, तर शेतकरी ‘परत सांगा’ म्हणतो, आणि तेच दोनदा बोललं जातं. तीन-तीन अंक सांगावेत आणि प्रत्येक तिघांनंतर त्याच्याकडून म्हणवून घ्यावेत. अंक सुटे सांगावेत, ‘सहा-नऊ’, ‘सात-नऊ’. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी फोनवर एकसारखे ऐकू येतात. शेतकरी अंक परत म्हणत असताना सल्लागार गप्प असते. एका क्रमांकात असे पाच तुकडे पडले तर पंधरा-वीस सेकंद विसावा मिळतो, आणि क्रमांक चुकत नाही. ही युक्ती एएचटी, म्हणजे कॉलचा सरासरी वेळ, वाढवत नाही. कधीकधी ती तो कमी करते, कारण क्रमांक दोनदा सांगावा लागत नाही.

अशा बारीक विसाव्यांना नियमात जागा देणारा देश आहे ब्राझील. तिथल्या कामगार मंत्रालयाने 2007 साली टेलिमार्केटिंगच्या कामासाठी एक जोडपत्र काढलं. त्यात दिवसाला सहा तास आणि आठवड्याला 36 तासांची मर्यादा आहे. जेवणाच्या वीस मिनिटांशिवाय दहा-दहा मिनिटांचे दोन विसावे, तेही आपली जागा सोडून. ते पहिल्या तासात किंवा शेवटच्या तासात उरकून घ्यायचे नाहीत, म्हणजे कंपनीला कागदोपत्री विसावा दाखवता येत नाही. स्वच्छतागृहात जाण्यासाठी केव्हाही उठता येतं, आणि त्याचा पगारावर किंवा मूल्यांकनावर परिणाम होऊ द्यायचा नाही. खोलीचा आवाज 65 डेसिबलच्या आत, ओल 40 टक्क्यांच्या खाली नको, हेडसेट प्रत्येकाचा स्वतंत्र आणि कान बदलता येण्याजोगा, पिण्याचं पाणी मोफत. आणि सगळ्यांत मला आवडलेलं कलम असं की संवादाचे नमुने बारीक विसावे मिळतील आणि आवाजावर भार पडणार नाही असे असावेत. म्हणजे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाही कायद्याने जबाबदार धरलं आहे. ब्राझीलच्या कॉल सेंटरमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. पण काय मोजायचं, हे तरी त्यांनी ठरवलं.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पाच तास सलग काम झाल्यावर अर्धा तास विश्रांतीची तरतूद होती, आणि पिण्याच्या पाण्याची सोयही मालकाने करायची. किराणा दुकानातल्या गुमास्त्याला आणि पाच तास अखंड बोलणाऱ्याला एकच माप. बोलण्याच्या कामाचा त्यात वेगळा उल्लेख नाही.

माझ्या मते ब्रेकपेक्षाही मोठी गोष्ट शिफ्टच्या मधल्या तासांची आहे. हंटर आणि टिट्झ यांनी 2009 च्या प्रयोगात माणसांना दोन तास मोठ्याने वाचायला लावलं आणि आवाज किती वेळात सावरतो ते त्यांच्याकडूनच नोंदवून घेतलं. निम्मी सुधारणा चार ते सहा तासांत झाली, पण नव्वद टक्के व्हायला 12 ते 18 तास लागले. आता वेळापत्रक पाहा. सकाळी सहा ते रात्री दहा चालणाऱ्या केंद्रात एखादीला आज रात्री दहाला लाइन बंद करायला लावली आणि उद्या सहाला उघडायला, तर मधे आठ तास मिळतात. घरी जाऊन जेवण, झोप, पहाटेची गाडी. आवाज अर्ध्यावर सावरलेला असताना ती पुन्हा बोलायला बसते. सुजेवर सूज चढते. एखाद्या दिवसाच्या रजेने हे भरून निघत नाही, कारण दर आठवड्याला हाच खेळ चालतो. शिफ्ट बदलताना मध्ये किमान बारा तास ठेवणं ही टीएलच्या एक्सेल शीटमधली एक ओळ आहे. तिला पैसे लागत नाहीत.

रोज सकाळी घरातून निघण्याआधी एक परीक्षा करता येते. एखादं ओळखीचं गाणं अगदी हळू, अगदी वरच्या पट्टीत गुणगुणायचं, इतकं हळू की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये. तंतू ठीक असतील तर आवाज लगेच आणि सलग निघतो. सूज असेल तर आधी नुसती हवा जाते, मग स्वर उशिरा सुरू होतो किंवा मध्येच तुटतो. मोठ्याने बोलताना ही सूज लपते, म्हणून ‘बोलताना तर काही वाटत नाही’ यावर विसंबू नये. दोन सकाळी सलग तुटलं तर त्या दिवशी ईमेल, चॅट किंवा बॅक-ऑफिसचं काम मागून घ्यावं. कुजबुजत बोलणं हा उपाय नाही, अनेकांच्या गळ्यात कुजबुजताना ताण वाढतोच. दुपारच्या सुट्टीत शीतपेयाच्या नळीचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवून त्यातून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढणं हा स्वरतज्ज्ञांचा नेहमीचा उपाय आहे. नळीतला दाब तंतूंना थोडं दूर ठेवतो, आघात हलका पडतो. तीन-चार मिनिटं पुरतात. सूज असताना मात्र तो गप्प बसण्याला पर्याय नाही.

घोगरेपणा चार आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तंतू पाहून घ्यावेत, अशी अमेरिकन तज्ज्ञांची 2018 ची शिफारस आहे. तंबाखू-गुटखा असेल, रक्त येत असेल किंवा गिळायला त्रास असेल तर चार आठवडेही थांबू नये. परभणीत 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्यामुळे तपासणीसाठी लगेच छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला जावं लागत नाही. तंतूंवर गाठी असतील तर बहुतेक वेळा चाकूची गरज नसते, पण वाचा-उपचारतज्ज्ञाची असते, आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही. मुंबईची अली यावर जंग संस्था यासाठी राष्ट्रीय स्तरावर काम करते, मात्र पाथरीच्या मुलीने उपचारांसाठी दर आठवड्याला वांद्र्याला जायचं म्हटलं तर नोकरी राहील का?

आवाज गेला तर तो कामामुळे गेला असं ठरवणारी व्यवस्थाही हवी. आपल्या व्यावसायिक आजारांच्या सूचीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा आहे, आवाजाचा आजार नाही. पोलंडमध्ये तो आहे, पण किमान पंधरा वर्षं आवाजावर ताण पडणारं काम केलेलं असावं लागतं, आणि तो नियम मुख्यतः शिक्षकांच्या उपयोगी पडला. कॉल सेंटरमध्ये पंधरा वर्षं टिकणारा माणूस विरळा. पोर दोन वर्षं बोलते, घसा बिघडतो, प्रोसेस सोडून गावी येते, एमपीएससीच्या तयारीला लागते. तिचं नाव राजीनाम्यांच्या यादीत जातं, आजाऱ्यांच्या नाही.